अंक किती छापायचा? एका दिवाळी अंकाचे अंदाजपत्रक

आमचा दिवाळी अंक सुरू झाला त्या वर्षी आम्ही दोन हजार प्रती छापल्या. कारण साधे होते. छापखान्याच्या कोटेशनवर पाचशे, हजार आणि दोन हजार प्रतींचे आकडे शेजारी शेजारी लिहिलेले होते आणि प्रती वाढतील तशी एक प्रत स्वस्त होत जात होती. तुळशीचे लग्न झाले आणि गठ्ठे परत यायला लागले. ओसरीत छातीइतकी रास लागली. शाई ताजी, कागद कोरा आणि बाजारात किंमत रद्दीची. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठीत हा प्रकार फुलला, पण त्याचे आयुष्य तेवढेच राहिले: दसऱ्यापासून देवदिवाळीपर्यंत. पुस्तक पाच वर्षे कपाटात थांबू शकते, दिवाळी अंक थांबत नाही. म्हणून त्याच्या अंदाजपत्रकात सगळ्यात मोठा प्रश्न कागदाचा किंवा सजावटीचा नसतो. तो प्रतींच्या संख्येचा असतो.

ती संख्या कशी ठरवायची, हे एका अंकाचा हिशेब मांडून पाहू. अंक १६० पानांचा, आकार सव्वासात बाय साडेनऊ इंच, आतली पाने एकरंगी, मुखपृष्ठ चाररंगी, किंमत ३०० रुपये. पुढचे दर उदाहरणापुरते धरले आहेत. गावागणिक आणि वर्षागणिक ते बदलतात, तेव्हा तुमच्या हातातल्या कोटेशनचे आकडे त्या जागी घालावेत. एक काळजी मात्र घ्यावी. पुस्तके आणि नियतकालिके यांच्या विक्रीवर जीएसटी नाही, त्यामुळे कागदावर आणि छपाईवर आपण भरलेला कर कुठूनही वळता होत नाही. म्हणून प्रत्येक दर करासकटच लिहावा. खालचे सगळे आकडे तसेच आहेत.

पहिली प्रत छापण्याआधीचा खर्च

खर्चाचे दोन गट करायचे. पहिला गट असा, की एक प्रत छापा नाहीतर दोन हजार, तो तेवढाच राहतो. अक्षरजुळणी आणि मांडणी पानाला १०० रुपयांनी १६,००० रुपये. दोन वेळचे मुद्रितशोधन ६,०००. मुखपृष्ठाचे चित्र आणि आतली रेखाटने १६,०००. लेखकांचे मानधन २२,०००. एकूण ६०,००० रुपये. संपादनाचे काम आपणच करतो असे धरले आहे. ते पगारी असेल तर तो आकडाही इथेच येतो.

या गटात मुद्रितशोधनाला कात्री लावायचा मोह सगळ्यात आधी होतो आणि तोच महागात पडतो. प्लेट निघाल्यावर एक नाव चुकलेले दिसले, तर ती प्लेट फेकून नवी काढावी लागते. फर्मा छापून झाल्यावर दिसले, तर कागदही जातो. त्यामुळे शेवटचे प्रूफ पडद्यावर वाचू नये, कागदावर काढून वाचावे. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि जाहिरातींतले फोन नंबर दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावेत.

फर्मा, प्लेट आणि मशीन

छापखाना पानांत मोजत नाही, फर्म्यांत मोजतो. आपल्या आकाराचा अंक २० बाय ३० इंचांच्या कागदावर बसतो. त्याच्या एका बाजूला आठ पाने, दुसऱ्या बाजूला आठ. घडी घातली की १६ पानांचा एक फर्मा तयार होतो. म्हणजे १६० पानांचे दहा फर्मे झाले. प्रत्येक फर्म्याला दोन प्लेट, मिळून वीस. प्लेटला ३५० रुपये धरले तर ७,००० होतात.

मशीनचा दर हजारी असतो. एका बाजूच्या पहिल्या हजाराला ५०० रुपये धरले तर वीस बाजूंचे १०,००० होतात. यातली खोच अशी की पाचशेच प्रती छापल्या तरी आकार हजाराचाच लागतो, कारण प्लेट चढवणे, शाई जुळवणे आणि रोलर धुणे यांना वेळ तेवढाच जातो. मुखपृष्ठाच्या प्लेट आणि मशीनचा किमान आकार मिळून ३,००० धरू. हे तिन्ही मिळून २०,००० रुपये झाले. आधीचे ६०,००० त्यात मिळवले की स्थिर खर्च ८०,००० होतो.

फर्म्याचा हिशेब पानांची संख्या ठरवतानाही ध्यानात ठेवावा लागतो. एक कथा जरा लांबली आणि अंक १६४ पानांचा झाला, तर त्या चार पानांसाठी वेगळी प्लेट, मशीनचा किमान आकार आणि बांधणीत एक जादा तुकडा लागतो. चार पाने कापून १६० वर आणावीत, नाहीतर सरळ १७६ करावीत. मधला आकडा परवडत नाही. हजार प्रतींसाठी एका जादा फर्म्याला प्लेट, मशीन, कागद आणि मांडणी धरून साधारण ५,८०० रुपये पडतात, म्हणजे पानामागे ३६० च्या आसपास. हा आकडा जाहिरातींचा दर ठरवतानाही उपयोगी पडतो. जाहिरातींसाठी पाने वाढवायची असतील, तर त्याहून कमी दराने घेतलेली पानभर जाहिरात आपल्याच खिशातून जाते.

कागद: वजनाचा हिशेब

दुसऱ्या गटात प्रतीगणिक वाढणारा खर्च येतो आणि त्यात कागद सगळ्यात मोठा. दहा फर्म्यांचा अंक म्हणजे एका प्रतीला दहा ताव. हजार प्रतींना दहा हजार ताव लागतात. मशीन जुळेपर्यंत प्रत्येक फर्म्याचे पन्नासेक ताव वाया जातात, ते पाचशे धरू. साडेदहा हजार ताव म्हणजे ५०० तावांची एक रीम या हिशेबाने २१ रीम.

कागद किलोवर विकला जातो, म्हणून रिमेचे वजन काढता आले पाहिजे. इंचातली लांबी, रुंदी आणि जीएसएम यांचा गुणाकार करून ३,१०० ने भागले की ५०० तावांचे वजन किलोत मिळते. २० गुणिले ३० गुणिले ७०, भागिले ३,१००, म्हणजे १३.५५ किलो. २१ रिमांचे सुमारे २८४ किलो होतात. ७० जीएसएमचा मॅपलिथो किलोला ८८ रुपये धरला तर २५,००० रुपये, म्हणजे प्रतीला २५. मुखपृष्ठाचे ३०० जीएसएम आर्ट कार्ड आणि लॅमिनेशन प्रतीला ६ रुपये, परफेक्ट बायंडिंग ९ रुपये. एका प्रतीचा बदलता खर्च ४० रुपये.

कागदाच्या बाबतीत फसगत होते ती बहुधा जाडीत. कोटेशन ७० जीएसएमचे असते आणि मशीनवर ६० चा कागद चढतो. शाई दुसऱ्या बाजूने दिसायला लागते, तोवर सगळे छापून झालेले असते. हे आधी ओळखायला स्वयंपाकघरातला काटा पुरतो. छपाईच्या सकाळी जाऊन रिमेतून दहा कोरे ताव काढावेत, घडी करून काट्यावर ठेवावेत. २० बाय ३० चे ७० जीएसएमचे दहा ताव साधारण २७० ग्रॅम भरतात. ६० जीएसएमचे २३० च्या आसपास. फरक एवढा ठळक आहे की वाद उरत नाही. जमले तर कागद आपणच घेऊन द्यावा आणि मशीनवर चढण्याआधी रिमा मोजून घ्याव्यात.

तीन आकडे आणि त्यांतला चकवा

आता कोटेशनवरचे तीन आकडे पुन्हा मांडू. पाचशे प्रतींना ८०,००० अधिक २०,०००, म्हणजे एक लाख रुपये. प्रत २०० रुपयांना पडली. हजारांना ८०,००० अधिक ४०,०००, म्हणजे १,२०,०००. प्रत १२० ला. दोन हजारांना मशीनचे दुसऱ्या हजाराचे ७,००० वाढतात, एकूण १,६७,०००, प्रत साडेत्र्याऐंशीला. (थोड्या प्रतींत वाया जाणाऱ्या कागदाचा वाटा किंचित वाढतो, तो इथे सोडून दिला आहे.)

हजारांवरून दोन हजारांवर जायला फक्त ४७,००० जादा लागतात आणि प्रत साडेछत्तीस रुपयांनी स्वस्त होते. आम्ही भुललो तो इथेच. हा भागाकार छापलेल्या प्रतींनी केलेला आहे. पैसे मात्र विकलेल्या प्रतींचे येतात. म्हणून खर्चाला भागायचे ते विकल्या जाणाऱ्या प्रतींच्या आकड्याने, आणि तो आकडा छापखाना देऊ शकत नाही. तो आपल्याला वितरणाच्या वहीतून काढावा लागतो.

अंक कोणाकडे जातो

प्रती चार वाटांनी जातात. पहिली वाट भेटीची. लेखक, चित्रकार, जाहिरातदार, परीक्षण लिहिणारे आणि दिवाळी अंकांच्या स्पर्धा मिळून ८० प्रती सहज जातात. त्यांचे पैसे येत नाहीत, पण त्या टाळताही येत नाहीत. यादी आधीच करून ठेवली तर संख्या फुगत नाही.

दुसरी वाट थेट वाचकाची. आगाऊ नोंदणी करून ३०० रुपये घ्यायचे आणि अंक घरपोच पाठवायचा. आपल्या प्रतीचे वजन २७५ ग्रॅमच्या आसपास होते, पाकिटासह ३०० च्या काठावर. पाठवणीचा खर्च वजनाच्या टप्प्यांवर ठरतो. म्हणून दोन-तीन ग्रॅमसाठी वरच्या टप्प्यात जायचे नसेल, तर जाड पुठ्ठा टाळावा आणि एक नमुना पाकीट आधी पोस्टात तोलून घ्यावे. पोस्टाने मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही स्वस्त सेवा सुरू केली आहे, परंतु जाहिराती असलेली प्रकाशने तिच्यात बसत नाहीत. जाहिरातींवर निघणाऱ्या दिवाळी अंकाने तिच्या दराने अंदाजपत्रक मांडू नये. पाकीट आणि पाठवणी मिळून ६० रुपये धरले तर थेट विकलेली प्रत हातात २४० रुपये देते.

तिसरी वाट दुकानांची आणि वितरकांची. चाळीस टक्के सवलत धरली तर प्रतीचे १८० मिळतात. माल ‘विकला तर पैसे, नाहीतर परत’ या बोलीवर जातो. पाठवायला प्रतीला १० रुपये आणि परत आणायला आणखी १० रुपये धरू. जायचे भाडे पाठवलेल्या प्रत्येक प्रतीवर लागते, नुसत्या विकलेल्या प्रतींवर नाही, हे विसरले की हिशेब चुकतो.

चौथी वाट म्हणजे घरी पडून राहणे. तिचा रकाना कोणी आखत नाही, पण तो असतो.

दुकानातला खप आपल्याला वाटतो त्याहून कमी का भरतो, त्याचे एक कारण मराठी वाचनाच्या रिवाजात आहे. बरेच वाचक दिवाळी अंक विकत घेत नाहीत, वाचनालयातून घेतात. वर्गणी भरली की एका पाठोपाठ एक अंक वाचायला मिळतात. वाचनालयाने घेतलेली एक प्रत वीस-पंचवीस घरांत फिरते. अंकाला वाचक भरपूर मिळतात, विक्री मात्र एकाच प्रतीची होते. ‘तुमचा अंक वाचला’ असे सांगणाऱ्यांच्या संख्येवरून प्रती ठरवल्या तर फसायला होते ते यामुळेच.

हजार प्रतींचा जमाखर्च

आता हजार प्रती वाटू. भेटीच्या ८०. आगाऊ नोंदणी २५०, तिचे २४० प्रमाणे ६०,००० रुपये. उरलेल्या ६७० दुकानांत गेल्या. त्यांतल्या ४०० खपल्या, २७० परत आल्या. चारशेचे १८० प्रमाणे ७२,०००, त्यातून जायचे भाडे ६,७०० आणि यायचे २,७०० वजा केले की ६२,६०० उरतात. एकूण जमा १,२२,६००. खर्च १,२०,०००. अंक विक्रीवर जेमतेम सुटला.

विकल्या गेल्या ६५० प्रती. म्हणजे खरी प्रत १२० ला पडली नाही, ती १८५ ला पडली. दुकानात न खपलेली प्रत्येक प्रत १९० रुपयांनी मागे खेचते: १८० आले नाहीत आणि १० परतीला गेले. दुकानांतून ३८७ च्या खाली खप आला की तोटा सुरू होतो. चारशेच्या जागी तीनशेच खपल्या, तर १६,४०० रुपयांची तूट येते.

त्याच मागणीवर दोन हजार छापल्या तर काय होते? नोंदणी २५० ची तेवढीच. दुकानांत १,२०० पाठवल्या. जास्त ठिकाणी दिसल्यामुळे ५० जादा खपल्या असे मानू. ४५० चे ८१,०००, त्यातून भाडे १२,००० आणि ७५० प्रतींच्या परतीचे ७,५०० वजा केले की ६१,५०० उरतात. एकूण जमा १,२१,५००, खर्च १,६७,०००. तूट ४५,५००. परत आलेल्या ७५० आणि कधीच न हललेल्या ४७० मिळून १,२२० प्रती घरात. आमच्या ओसरीतल्या राशीचा हिशेब हाच होता.

मग पाचशेच छापाव्यात का? भेटीच्या ६० वर आणल्या, २५० नोंदणीच्या, १९० दुकानांत आणि त्यांतल्या १७० खपल्या, असे धरू. ६०,००० अधिक २८,५००, म्हणजे ८८,५०० जमा आणि एक लाख खर्च. तूट ११,५०० ची. रास लागत नाही, पण स्थिर खर्चाचे ओझे थोड्या प्रतींवर पडते. पाचशेचा अंक सुटायचा असेल तर पाने कमी करायला हवीत किंवा किंमत वाढवायला हवी. नुसती प्रतींची संख्या उतरवून भागत नाही.

पैसे कधी लागतात, कधी येतात

वरचा हजार प्रतींचा हिशेब कागदावर जुळला, तरी हातात पैसे असतीलच असे नाही. छपाईचे १,२०,०००, पाठवणीचे १५,००० आणि दुकानांत पोचवायचे ६,७०० मिळून १,४१,७०० रुपये दिवाळीच्या आत द्यावे लागतात. तोवर आलेले असतात फक्त नोंदणीचे ७५,०००. मधले ६६,७०० आपण घालायचे आणि दुकानांचे पैसे यायला नवे वर्ष उजाडते.

बहुतेक दिवाळी अंक ही दरी जाहिरातींनी भरतात. पण जाहिरात जमेला कधी धरायची, याचा नियम कडक हवा. ‘आमची एक पानभर घ्या’ हा शब्द झाला, जमा नव्हे. लेखी मागणी आणि निम्मी रक्कम हातात आली तरच ती अंदाजपत्रकात लिहावी. बाकीची मिळेल ती तुटीवर उतारा म्हणून ठेवावी. अंदाजपत्रक आधी जाहिरातींशिवाय मांडावे, म्हणजे विक्री किती पेलते ते उघडे दिसते आणि जाहिराती किती गोळा करायच्या याचा आकडा मिळतो.

संख्या ठरवायची ती अशी

सप्टेंबरच्या सुरुवातीला, छापखान्याला शब्द देण्याआधी, वहीत नावे लिहावीत. नोंदणी झालेल्या वाचकांची नावे एका पानावर. भेट द्यायच्या लोकांची दुसऱ्या पानावर. तिसऱ्या पानावर दुकाने, आणि प्रत्येक दुकानापुढे गेल्या वर्षी पाठवलेल्या, खपलेल्या आणि परत आलेल्या प्रती. जिथे दहा पाठवून तीन खपल्या, तिथे या वर्षी पाच पाठवाव्यात. जिथे दहाच्या दहा संपल्या, तिथे पंधरा. या तीन पानांची बेरीज आणि वर पंचवीस-तीस प्रती, एवढाच अंक छापावा. मागणी अचानक वाढलीच, तर शंभर-पन्नास प्रती डिजिटल छपाईने काढता येतात. प्रत महाग पडते, पण प्लेट लागत नाही आणि ती प्रत विकली जाणार हे ठाऊक असते.

पहिल्या वर्षी आमच्याकडे तिसरे पान नव्हतेच. ज्यांचा पहिलाच अंक आहे त्यांनी तो अंदाज वितरकाच्या उत्साहावर सोडू नये. माहितीतल्या आठ-दहा दुकानांतच अंक ठेवावा आणि पाडव्याच्या दिवशी स्वतः जाऊन उरलेल्या प्रती मोजाव्यात. परतीचा गठ्ठा आला की तो न सोडता कोपऱ्यात ढकलून देऊ नये. सुतळी कापून प्रती मोजाव्यात, दुकानाचे नाव, तारीख आणि आकडा वहीत लिहावा. पुढच्या वर्षीच्या कोटेशनवर कोणत्या आकड्याला हो म्हणायचे, ते त्या पानावर लिहिलेले असते.